पुडी कुठे ठेवता, काका? : तोंड तपासण्यापासून बायोप्सीच्या रिपोर्टपर्यंत

गणपतीच्या दिवसांत इंदुरात लोकमान्यनगरजवळ आम्ही दरवर्षी तपासणीचं शिबिर लावतो. एका टेबलावर बी.पी. आणि साखर, दुसऱ्या टेबलावर मी, तोंड तपासायला. दोन वर्षांपूर्वी एक काका सुनेबरोबर बी.पी. दाखवायला आले. वय ६४. हुकुमचंद मिलमध्ये साच्यावर होते, १९९१ साली मिल बंद पडली आणि नोकरी गेली, पण रातपाळीत डोळा लागू नये म्हणून लागलेली तंबाखू राहिली. मी तोंड दाखवायला सांगितलं, तर म्हणाले, "दात सगळे ठणठणीत आहेत ताई, तुमचं काम नाही माझ्याकडे." सून हळूच म्हणाली, "हल्ली भाजीत तिखट चालत नाही त्यांना."

त्या एका वाक्यापासून हातात बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंत पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांत काय केलं, कुठे अडलं आणि कशामुळे सुटलं, हे सांगत सांगत तपासणीची सगळी पद्धत लिहिते. मंडळांचे कार्यकर्ते, आशाताई, नर्स, नवे दंतवैद्य, घरात तंबाखू खाणारं माणूस असलेले कोणीही हे वाचून पुढचं पाऊल ओळखू शकतील, असा हेतू आहे.

तोंड तपासायला डॉक्टरच लागतो असं नाही, हे आधी सांगते. केरळात तिरुअनंतपुरमला १९९६ पासून फार मोठी पाहणी झाली. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन, नुसत्या उजेडात डोळ्यांनी लोकांची तोंडं पाहिली, दर तीन वर्षांनी एकदा. २००५ साली निकाल आला तेव्हा तंबाखू किंवा दारूची सवय असलेल्या लोकांत तोंडाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी झालेल्या भागात ३४ टक्क्यांनी कमी होते. पण त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट मला जास्त बोचते. ज्यांच्या तोंडात काही संशयास्पद दिसलं आणि ज्यांना पुढे पाठवलं, त्यांतले सुमारे ६३ टक्केच डॉक्टरांपर्यंत पोहोचले. चट्टा सापडला होता, सांगून झालं होतं, तरी तिसरा हिस्सा माणसं गेलीच नाहीत. म्हणून या लेखातला मोठा भाग मी तोंड पाहून झाल्यावर काय करायचं, यावर खर्च करणार आहे.

बसवण्याआधी

सामान थोडंच लागतं. पांढऱ्या उजेडाचा डोक्याला बांधायचा टॉर्च, निर्जंतुक केलेले दोन तोंडात घालायचे आरसे किंवा नव्या लाकडी पट्ट्या, प्रत्येकासाठी नवे हातमोजे, गॉजचे तुकडे, मिलिमीटरची लहान पट्टी, पाण्याची बाटली, तस्त आणि वही. पिवळ्या बल्बखाली काम करू नका. त्यात लाल चट्टा आजूबाजूच्या रंगात मिसळून जातो, आणि तोच सगळ्यांत महत्त्वाचा असतो. डोक्याचा टॉर्च नसेल तर मोबाइलचा उजेड चालेल, पण तो दुसऱ्याने धरायचा, कारण आपले दोन्ही हात गाल आणि जीभ बाजूला करण्यात गुंतलेले असतात.

आधी चूळ भरायला लावायची, दोनदा. पानाचा लाल रंग आणि चुन्याचा पांढरा थर दोन्ही फसवतात. कवळी असेल तर काढून ठेवायला सांगायची. कवळीखालची जागा न पाहता माणसाला उठवणं ही शिबिरातली नेहमीची चूक आहे.

मग प्रश्न. "गुटखा खाता का?" असं विचारू नका. मध्य प्रदेशात गुटख्यावर १ एप्रिल २०१२ पासून बंदी आहे. तेव्हापासून पानमसाल्याची पुडी वेगळी आणि जर्द्याची पुडी वेगळी विकली जाते आणि खाणारा तळहातावर दोन्ही एक करतो. त्यामुळे "नाही हो, गुटखा नाही" हे त्याच्या परीने खरंच उत्तर असतं. एकेक वस्तू वेगळी विचारायची: तंबाखू-चुना? जर्दा? पाऊच? पानमसाला? नुसती सुपारी? बायकांना विचारायचं, "दात कशाने घासता?" कारण मिश्री किंवा तंबाखूचं मंजन लावणाऱ्या कित्येकजणी "मी तंबाखू खात नाही" असं मनापासून सांगतात. सुपारीला निरुपद्रवी समजू नका. तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा कॅन्सर करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच नोंदवलं आहे.

शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा: "पुडी कुठे ठेवता? बोट लावून दाखवा." काकांनी लगेच डाव्या बाजूला खालचा ओठ आणि गाल यांच्या कोपऱ्यात बोट घातलं. आपल्याकडे तोंडाचा कॅन्सर खालच्या हिरडीला लागून असलेल्या या खाचेत आणि गालाच्या आतल्या बाजूला फार दिसतो, कारण चिमूट तिथे तास न् तास पडून असते. काका दिवसाला दहा-बारा चिमटी खात होते आणि झोपतानाही एक ठेवून झोपत होते. हे सगळं वहीत लिहून घ्यायचं, कारण पुढच्या डॉक्टरला ते लागतं.

आणि आता थोडं उलट वाटेल असं: ती जागा सगळ्यांत शेवटी बघायची. आधी तिथे पाहिलं आणि काही सापडलं, की डोळा तिथेच अडकतो. मग जिभेची दुसरी कड, टाळू, जिभेखालचा भाग हे सगळं घाईघाईत उरकलं जातं. तंबाखूचा रस सगळ्या तोंडात फिरलेला असतो, एका चट्ट्याबरोबर दुसरा असू शकतो.

ठरलेला रस्ता

दर वेळी त्याच क्रमाने बघायचं. क्रम कोणताही असो, पण मोडायचा नाही. माझा असा आहे.

सुरुवात बाहेरून. चेहऱ्याची एक बाजू सुजलेली आहे का, ते समोरून पाहायचं. मग मागे उभं राहून मान थोडी पुढे झुकवायला सांगायची आणि हनुवटीखाली, जबड्याच्या कडेखाली, मग कानाखालून गळपट्टीच्या हाडापर्यंत बोटांच्या पेरांनी हळू चाचपत जायचं. सर्दी-दाताच्या दुखण्याने येणारी गाठ बहुधा मऊ, दुखरी आणि बोटाखाली सरकणारी असते. न दुखणारी, टणक आणि जागेवरून न हलणारी गाठ लागली की तोंडात काही दिसो न दिसो, त्या माणसाला पाठवायचंच.

मग तोंड किती उघडतं ते मोजायचं. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या कडांमधलं अंतर पट्टीने घ्यायचं. ३५ मिलिमीटरपेक्षा कमी भरलं तर तोंड आखडलं आहे असं समजायचं. पट्टी नसेल तर माणसाला स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. काकांचं ३८ भरलं. पंचविशीतली पोरं, पाऊच खाणारी, दोन बोटांवर अडलेली मी दर शिबिरात पाहते. सुपारीने गालाची आतली कातडी पांढुरकी आणि कडक होते, बोटाने चाचपलं तर सुतळीसारखे दोर लागतात, तिखट झोंबतं, गाल फुगवता येत नाही. याला डॉक्टर सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारी सोडली तरी झालेला कडकपणा आपोआप जात नाही, पण वाढणं थांबायला सुपारी सुटावीच लागते. यातून कॅन्सर होण्याचा धोका असतो, म्हणून चट्टा नसला तरी अशा मुलाला दंत महाविद्यालयात पाठवायचं. आणखी एक अडचण म्हणजे तोंड उघडत नसल्यामुळे मागचा भाग दिसतच नाही. तेव्हा वहीत "सामान्य" लिहू नका, "मागचा भाग पाहता आला नाही" असं लिहा.

आता आत. खालचा ओठ उलटा करून, वरचा ओठ उचलून. तोंडाचे दोन्ही कोपरे. मग उजवा गाल आरशाने ओढून ओठापासून मागच्या अक्कलदाढेपर्यंत, आणि त्या दाढेच्या मागची तिकोनी जागासुद्धा, मग डावा गाल तसाच. तोंड अर्धं मिटलेलं असताना गाल सैल होतो आणि जास्त दिसतं, पूर्ण आ केला की गाल ताणून बसतो. दोन्ही हिरड्या बाहेरून आणि आतून. मग जीभ: बाहेर काढायला लावायची, गॉजमध्ये टोक धरून आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला ओढायची. जिभेच्या मागच्या कडा धरल्याशिवाय दिसत नाहीत, आणि तिथली जखम दुखेपर्यंत कोणाला कळत नाही. जीभ टाळूला लावायला सांगून खालचा भाग. मान मागे टाकून टाळू, "आ" म्हणायला लावून पडजिभेच्या बाजू. सगळ्यांत शेवटी पुडीची जागा.

डोळ्यांनी पाहून झालं की बोटाने पाहायचं. मोजा घातलेलं एक बोट आत, दुसऱ्या हाताची बोटं बाहेरून, आणि मधली कातडी दोन्हींच्या मध्ये हलकी दाबायची. निरोगी गाल कणकेच्या मऊ गोळ्यासारखा लागतो. त्यात कडक किनार लागली, की जणू कापडाच्या आत दोऱ्याची गाठ आल्यासारखं वाटतं. हे वर्णन वाचून कळत नाही, त्यासाठी दहा-वीस निरोगी गाल आधी चाचपून घ्यावे लागतात. घरच्यांपासून सुरुवात करा.

या सगळ्याला एका माणसामागे पाच-सहा मिनिटं लागतात. तासाला दहापेक्षा जास्त तोंडं पाहिली की मी चुका करते, हे मला माहीत आहे. म्हणून रांग लांबली तर तंबाखू-सुपारीवाल्यांना पुढे घ्यायचं आणि बाकीच्यांना दुसऱ्या दिवशी बोलवायचं.

काय दिसलं तर काय समजायचं

नवखा माणूस दोन्हीकडे चुकतो: निरोगी गोष्टीला घाबरतो आणि धोक्याच्या गोष्टीला माफ करतो. गालावर दात मिटतात त्या रेषेत पांढरी रेघ असते, ती दाताची खूण आहे. रव्याच्या कणांसारखे पिवळट ठिपके तेलग्रंथींचे असतात. जिभेच्या मुळाशी ओळीने मोठे गोल उंचवटे असतात, ते सगळ्यांनाच असतात. गालावर धुरकट पांढरा पदर असेल तर गाल ताणून बघा, ताणल्यावर नाहीसा झाला तर चिंता नाही. पांढरा थर गॉजने पुसून पाहा. पुसला गेला आणि खाली लाल झालं तर बहुधा बुरशी आहे, विशेषतः कवळीवाल्यांत आणि साखर असलेल्यांत.

न पुसला जाणारा पांढरा चट्टा मात्र गंभीरपणे घ्यायचा. पुडीच्या जागी सुरकुतलेली, राखाडी-पांढरी कातडी बहुतेक तंबाखूवाल्यांना असते आणि सवय सुटली तर ती काही आठवड्यांत निवळते. पण चट्टा जाड असेल, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा खडबडीत असेल, किंवा त्यात लाल भाग मिसळलेला असेल, तर वाट पाहायची नाही. लाल, मखमली दिसणारा, न दुखणारा चट्टा पांढऱ्यापेक्षा पुष्कळ जास्त धोक्याचा असतो. दुखत नाही आणि ठळक दिसत नाही, म्हणून नेमका तोच सुटतो. दोन आठवडे होऊनही न भरलेली जखम, कडा उचललेली आणि हाताला टणक लागणारी जखम, स्पर्शाने रक्त येणारी वाढ, हिरडी खराब नसताना एकटाच हलणारा दात, खालच्या ओठाला आलेली बधिरता, हे सगळे त्याच दिवशी पाठवण्याचे मामले आहेत.

काकांच्या डाव्या खाचेत, खालच्या दाढांसमोर, सुमारे २० मिलिमीटर लांबीचा पांढरा चट्टा होता. पुसला गेला नाही. त्याच्या मागच्या टोकाला मसुराच्या डाळीएवढा लाल भाग होता आणि बोटाखाली तिथली किनार जरा घट्ट लागली. मानेत गाठ लागली नाही. दुखत अजिबात नव्हतं. "कधीपासून आहे?" विचारलं तर त्यांना चट्टा आहे हेच माहीत नव्हतं. जखम दुखली तरच माणूस दाखवतो, आणि सुरुवातीचा कॅन्सर बहुतेक वेळा दुखत नाही. तिखट झोंबतं, एवढीच तक्रार असते.

चौदा दिवस, पंधरावा नाही

काही जखमांना कारण उघड दिसतं. तुटलेल्या दाढेची धार जिभेला लागते आहे, कवळीची कड रुतते आहे, चावताना गाल सापडला आहे. तेव्हा आधी ते कारण दूर करायचं, म्हणजे दात घासून गुळगुळीत करायचा किंवा कवळी काढून ठेवायची, आणि बरोबर चौदा दिवसांनी पुन्हा बघायचं. तारीख वहीत आणि माणसाच्या हातातल्या कागदावर, दोन्हीकडे लिहायची. चौदाव्या दिवशी जखम भरली नसेल तर कारण काहीही असो, पुढे पाठवायचं. कडा टणक असेल किंवा मानेत गाठ असेल तर हे चौदा दिवससुद्धा द्यायचे नाहीत.

या नियमाला मोडण्याची एक पद्धत फार रुळली आहे. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, त्यांच्या जिभेच्या कडेला जखम होती. चार महिने त्यांनी मलम आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या घेतल्या होत्या. दर वेळी थोडं बरं वाटायचं, कारण मलमात बधिर करणारं औषध होतं. ज्यांनी ते दिलं त्यांनी एकदाही जीभ धरून कड पाहिली नव्हती. तशीच दुसरी चूक दाताची: हलणारा दात काढून टाकला जातो, खड्डा भरत नाही, आणि त्या खड्ड्यातून वाढ बाहेर येते. एकटा दात कारणाशिवाय हलत असेल तर काढण्याआधी एक्स-रे आणि आजूबाजूची हिरडी नीट पाहणं, एवढं तरी व्हायला हवं.

चिठ्ठी कशी लिहायची

"तोंडात चट्टा, तज्ज्ञांना दाखवावे" अशी चिठ्ठी म्हणजे कोरा कागद. मोठ्या रुग्णालयातल्या ओ.पी.डी.त डॉक्टरकडे वेळ थोडा असतो, आणि चट्टा लहान असला तर अशा चिठ्ठीवर त्याची नजर दुसरीकडेच जाऊ शकते. काकांच्या चिठ्ठीवर मी हे लिहिलं: डावी खालची हिरडी-गाल खाच, दाढांसमोर, २० मि.मी. पांढरा, मागच्या टोकाला ४ मि.मी. लाल भाग, पुसला जात नाही, लाल भागाची किनार घट्ट, मान मोकळी, तोंड ३८ मि.मी.; तंबाखू-चुना ४० वर्षं, दिवसाला १०-१२ वेळा; बी.पी.ची गोळी चालू, रक्त पातळ करणारी नाही. बायोप्सी करावी ही विनंती. खाली तोंडाचं साधं रेखाचित्र आणि त्यावर पेनाने खूण. काकांच्या परवानगीने चट्ट्याजवळ पट्टी धरून फोटो काढला आणि तो सुनेच्या मोबाइलवर टाकला. पाठवताना "कॅन्सर" हा शब्द चिठ्ठीवर लिहायचा नाही. डोळ्यांनी कॅन्सर कळत नाही, आणि ती चिठ्ठी घरी सगळे वाचतात.

कुठे पाठवायचं? सरकारी व्यवस्थेत आशाताई तिशीवरच्या प्रत्येकाचा फॉर्म भरते, आरोग्य मंदिरात किंवा शहरातल्या संजीवनी क्लिनिकमध्ये तोंड पाहिलं जातं, तिथून वरच्या रुग्णालयात, तिथून आणखी वर. कार्यक्रमात ही तपासणी दर पाच वर्षांनी धरली आहे, पण रोज तंबाखू खाणाऱ्याचं तोंड वर्षातून एकदा पाहिलं जावं, असं माझं मत आहे. संशयास्पद चट्टा असेल तर मी मधल्या पायऱ्या गाळते. माणसाला जिथे बायोप्सी होते तिथेच थेट पाठवायचं. प्रत्येक जास्तीच्या पायरीवर एक दिवसाची मजुरी जाते आणि काही माणसं तिथेच गळतात. इंदुरात त्यासाठी शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि एम. वाय. रुग्णालयाचे नाक-कान-घसा आणि शस्त्रक्रिया विभाग आहेत. कॅन्सर निश्चित झाला तर शासकीय कर्करोग रुग्णालय आहे.

काका म्हणाले, "दिवाळीनंतर बघू." इथे भाषण देऊन उपयोग होत नाही. मी त्यांना आरसा दिला आणि चट्टा त्यांच्याच डोळ्यांनी दाखवला. म्हटलं, "काका, हा पुसला जात नाही. असे बहुतेक चट्टे कॅन्सर नसतात. पण हा कोणता आहे, ते मला बघून कळत नाही, तुकडा काढून तपासल्यावरच कळेल." मग त्यांनी ती भीती बोलून दाखवली जी दहातले आठजण बोलतात: "चाकू लागला की पसरतो म्हणतात." नाही पसरत. मिलमधल्या ज्या मित्राचं ते उदाहरण देत होते त्याची बायोप्सी झाली तेव्हा मानेत गाठ आलेली होती. म्हणजे आजार आधीच पुढे गेला होता, बायोप्सीने तो फक्त उघड झाला.

त्यानंतर तीन गोष्टी त्याच टेबलावर ठरवल्या. वार: मंगळवार. बरोबर कोण: सून, तिला सुट्टी नसेल तर मंडळातला एक मुलगा. फोन: दोन नंबर, एक काकांचा आणि एक सुनेचा, कारण काका फोन उचलणार नाहीत हे मला दिसत होतं. वहीत रकाने असे असतात: पाठवलं, गेले, तुकडा काढला, रिपोर्ट आला, पुढे काय. प्रत्येक रकान्यात तारीख. मंगळवारी संध्याकाळी मी फोन केला. गेले नव्हते, पाहुणे आले होते. पुढच्या मंगळवारी गेले. दुसरा फोन झाला नसता तर ते त्या तिसऱ्या हिश्शात गेले असते.

तुकडा आणि रिपोर्ट

बायोप्सीला इंजेक्शन देऊन जागा बधिर करतात, काही मिलिमीटरचा तुकडा काढतात, एक-दोन टाके घालतात. अर्ध्या तासात माणूस घरी. साखर-बी.पी. असणं ही अडचण नाही, फक्त डॉक्टरांना सांगायचं. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आपल्या मनाने बंद करायची नाही. तुकडा बाहेरच्या लॅबमध्ये घेऊन जायला नातेवाइकांच्या हाती दिला, तर बाटलीवर नाव, बाजू आणि तारीख लिहिली आहे का आणि तुकडा फॉर्मलिनमध्ये बुडालेला आहे का, हे तिथेच पाहून घ्या. पाण्यात ठेवलेला तुकडा वाया जातो. रिपोर्टला साधारण आठवडा लागतो.

काकांचा पहिला रिपोर्ट आला: मध्यम डिस्प्लेशिया. म्हणजे पेशी बिघडलेल्या आहेत, पण कॅन्सर नाही. घरात पेढे वाटायची तयारी. मी टाक्याची जागा पाहिली, तर ती चट्ट्याच्या पुढच्या, पांढऱ्या भागात होती. घट्ट किनार असलेला लाल भाग तसाच होता. बायोप्सी जिथून घेतली त्या जागेबद्दल बोलते, सगळ्या चट्ट्याबद्दल नाही. तुकडा नेहमी सगळ्यांत संशयास्पद भागातून, कडेवरून, थोडी निरोगी कातडी धरून घ्यायचा असतो. आणि बोटाला जे लागतं ते रिपोर्टशी जुळत नसेल, तर रिपोर्टवर समाधान न मानता पुन्हा तुकडा घ्यावा लागतो. मी त्याच डॉक्टरांना फोन केला, फोटो पाठवला. त्यांनी लगेच मान्य केलं आणि लाल भागातून दुसरा तुकडा घेतला. त्यात निघालं: स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे कॅन्सर.

म्हणून रिपोर्ट हाती आला की प्रश्न विचारायचा: तुकडा कुठून घेतला होता? डिस्प्लेशिया म्हणजे "सुटलो" असा अर्थ घेऊ नका. चट्टा काढायचा की लक्ष ठेवायचं, हे ती सौम्य आहे, मध्यम आहे की तीव्र, यावर तज्ज्ञ ठरवतात, आणि तंबाखू त्याच दिवशी सुटायला हवी. त्यासाठी राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फोन फुकट आहे.

कार्सिनोमा आला तर वेळ न घालवता सी.टी. किंवा एम.आर.आय. होतो, मग ऑपरेशन. इथे पैशाची गाडी अडते, म्हणून बायोप्सीच्या रिपोर्टची वाट पाहत असतानाच आयुष्मान कार्डाचं काम सुरू करा. मध्य प्रदेश सरकारचा समग्र आयडी आणि आधार दोन्हींवर नाव एकसारखं आहे का ते आधी पाहा. आपल्या मराठी घरांत 'ळ' असलेल्या आडनावांचं हिंदी कागदांत 'ल' झालेलं असतं, कुठे वडिलांचं नाव मध्ये असतं, कुठे नसतं, आणि यातच आठवडे जातात. ७० वर्षांवरच्यांना उत्पन्न न पाहता कार्ड मिळतं. काका अजून सत्तरीचे नव्हते, त्यांचं नाव दुरुस्त व्हायला नऊ दिवस लागले. ते काम आधी सुरू केलं होतं म्हणून ऑपरेशनची तारीख हुकली नाही.

चट्टा, त्याभोवतीची निरोगी कातडी, जबड्याच्या हाडाची वरची कड आणि डाव्या मानेच्या गाठी काढल्या. गाठींत काही निघालं नाही, किरणोपचार लागले नाहीत. जबडा अखंड राहिला. काका पोळी खातात, दाढा गेल्या त्या बाजूने चावत नाहीत.

एकदा कॅन्सर झालेल्या तोंडात दुसऱ्या जागी पुन्हा होऊ शकतो, म्हणून पहिलं वर्ष दर दीड-दोन महिन्यांनी रुग्णालयात आणि मधल्या वेळी माझ्याकडे, असं ठरलं आहे. मी दर वेळी तोच रस्ता घेते: मान, ओठ, उजवा गाल, जीभ, टाळू, आणि डावी खाच शेवटी. मागच्या खेपेला काका आले तेव्हा सुनेबरोबर शेजारचे एक गृहस्थ होते. काकांनीच त्यांना खुर्चीत बसवलं, चूळ भरायला पाणी दिलं आणि विचारलं, "पुडी कुठे ठेवतोस रे? बोट लावून दाखव ताईंना."